मार्चचं बिल, मे महिन्यातले पैसे

> मी लातूरला स्ट्रक्चरल इंजिनिअर. मार्च २०२४ मध्ये २ लाखांचं बिल दिलं, पैसे मेमध्ये आले. टीडीएस मात्र मार्चचाच दिसतोय. उत्पन्न कुठल्या वर्षी दाखवू?

दादा, तुमच्या वह्या दरवर्षी कोणत्या पद्धतीने लिहिल्या जातात, त्यावर सगळं ठरतं.

वह्या मर्कंटाईल असतील, तर काम पूर्ण होऊन बिल निघालं तेव्हाच उत्पन्न झालं. २ लाख २०२३-२४ मध्येच धरा. पैसे हातात नसले तरी कर भरावा लागतो.

रोख पद्धत असेल, म्हणजे पैसे हातात येतील तेव्हाच नोंद होत असेल, तर उत्पन्न २०२४-२५ चं. समोरच्या कंपनीने मार्चमध्ये बिल खात्यात घेऊन १० टक्के, म्हणजे २० हजार कापले आणि मेमध्ये १ लाख ८० हजार दिले. तरी उत्पन्न पूर्ण २ लाखच दाखवायचं. लोक इथेच चुकतात: टीडीएस आधीच्या वर्षी मागतात, उत्पन्न पुढच्या वर्षी दाखवतात, मग तफावतीची नोटीस येते. आयकराच्या नियम ३७बीए प्रमाणे ज्या वर्षी उत्पन्न, त्याच वर्षी टीडीएसचं क्रेडिट. म्हणून २०२३-२४ च्या रिटर्नमधल्या टीडीएसच्या तक्त्यात ते २० हजार पुढे ओढा आणि पुढच्या वर्षी वापरा.

एक मात्र कळकळीने सांगते, या एका बिलासाठी पद्धत बदलू नका. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १४५ ला नियमित पाळलेली पद्धत लागते.