शब्दचर्चा : 'ओटांब' म्हणजे नेमकं कोणतं झाड?

परसदार
कुडाळजवळ आमच्या आजोळची जुनी बाग आहे. बरीच वर्षं तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, या मे महिन्यात साफसफाई काढली. विहिरीपलीकडे एक मोठं झाड आहे. ते ठेवायचं की तोडायचं यावर घरात वाद चालू आहे, कारण ते काय आहे हेच कुणाला धड माहीत नाही. आजी त्याला 'ओटांब' म्हणायची असं मामाला आठवतं. शेजारचे 'रानफणस' म्हणतात. काम करायला येणारा गडी म्हणतो, "हां सोलांचां झाड."
पानं साधारण वीतभर, लांबट गोल, जाड, वरून काळपट हिरवी. फळं अजून कच्ची आहेत, काही लिंबाएवढी, काही पेरूएवढी. हिरवी आणि वेडीवाकडी, जणू कुणी कणकेचा गोळा मुठीत दाबून सोडलाय. काटे नाहीत. हाताशी असलेल्या कोशात 'ओटांब' सापडला नाही. हा शब्द कुणाच्या कानावर आहे का? आणि 'वटांब' म्हणजे हेच का?

आमसूल
गडी बरोबर सांगतोय. सोलं कोकमाची असतात, तेव्हा हे कोकमाच्याच कुळातलं असणार. मात्र रातांबा नव्हे, कारण त्याचं फळ गोल गुळगुळीत असतं. केरळात, कारवारकडे एक जात असते, तिच्या फळाला लाल भोपळ्यासारख्या उभ्या खाचा असतात आणि तीही वाळवून माशाच्या कालवणात घालतात. तुम्ही म्हणता ते फुगवटे म्हणजे त्या खाचांमधला भाग. माझं मत, मलबारी कोकम.

ओसरी
ओट म्हणजे ओट्सच ना? त्याचं झाड कधीपासून व्हायला लागलं? आम्ही तर डब्यातून आणतो.

पाणंद
ओसरीताई, ते गवत. इथे झाडाबद्दल चाललंय.
आमसूल, फळ वाळवून आंबटासाठी वापरतात इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण 'सोल' हे झाडाचं नाव नाही, वाळवलेल्या सालीचं किंवा फोडीचं आहे. ज्याची सोलं करता येतात ते प्रत्येक झाड कोकमाचं धरलं तर घोटाळा होतो. गडी वापर सांगतोय, आजी नाव सांगत होती आणि शेजारी दिसणं सांगतायत. माझ्या अंदाजाने तिघांपैकी कुणीच चुकलेलं नाही.
परसदार, अंदाजावर कुऱ्हाड चालवू नका. आधी एक पान देठापाशी मोडा आणि चीक पाहा. कोकमाच्या बहुतेक भावंडांचा चीक पिवळा असतो. फणस, उंबर, वड यांच्या कुळात तो दुधासारखा पांढरा. मग डहाळीवर पानं कशी लागली आहेत ते बघा. कोकमवर्गात पानं जोडीने, समोरासमोर येतात. फणसवर्गात एक इकडे, एक तिकडे. एवढ्या दोन गोष्टींवर आमसूल यांची शंका मिटेल किंवा खरी ठरेल, फळाला हात लावायचीही गरज नाही.

आगोटी
एवढं कशाला? फळाची चकती जिभेवर ठेवा. आंबट लागली तर ओटांब, तुरट लागली तर सोडून द्या. आमच्या गावी असंच ओळखतात.

पाणंद
अहो, असं कुणाला सांगू नका. गावात ओळखीच्या झाडाची चव बघणं निराळं. परसात पांढऱ्या चिकाचं आणि हिरव्या फळाचं आणखी एक झाड हमखास असतं, पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. तिच्या बिया हृदय बंद पाडतात. परसदार यांच्याकडची रुंद पानं पाहता ती बिट्टी नाही हे उघड आहे, तिची पानं अरुंद पात्यासारखी असतात. पण उद्या हे वाचून दुसरं कुणी आपल्या परसातलं फळ चाखेल. नाव पक्कं होईपर्यंत काही तोंडात घालायचं नाही. आणि चिकाचा हात डोळ्याला लावायचा नाही.

बार्शीकर
धागा वाचतोय. आमच्या शेताच्या बांधावरपण एक असंच बेवारशी झाड आहे, ते बेल का कवठ यावर वडिलांचं आणि चुलत्यांचं पटत नाही. फळं हिरवी गोल, कडक. काटे आहेत. इथेच विचारू का?

परसदार
विचारा की. तोवर माझा अहवाल. देठ मोडल्याबरोबर पांढरा चीक आला आणि भरपूर आला, बोटं अजून चिकटतायत. पानं समोरासमोर नाहीत. एक डावीकडे, एक उजवीकडे अशी दोन ओळींत लागली आहेत, त्यामुळे डहाळी चपटी दिसते. पानाची खालची बाजू बोटाला किंचित खरखरीत लागते. बुंध्याजवळ दोन रोपटी आहेत, त्यांच्या पानांच्या कडा मात्र कातरलेल्या आहेत. ती याचीच असतील का?

आमसूल
पांढरा चीक म्हटल्यावर कोकम बाद. मी नाव मागे घेतो. पण मग नीरफणस का नाही? त्याचीही पानं कातरलेली असतात.

पाणंद
नीरफणसाच्या मोठ्या झाडाचीही पानं खोल कातरलेली, हातभर रुंद असतात, आणि फळावर आखल्यासारख्या चौकटी दिसतात. इथे मोठ्या झाडाचं पान अखंड आहे आणि फक्त रोपाचं कातरलेलं. फणसाच्या कुळात हे बऱ्याच जातींत होतं, साध्या फणसाच्या रोपावरही अशी पानं सापडतात. म्हणून पान नेहमी मोठ्या झाडाच्या, फळं आलेल्या फांदीवरचं घ्यावं. रोपावरून किंवा तोडलेल्या खोडाच्या फुटव्यावरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल.
आता उरले दोन, 'रानफणस' आणि 'ओटांब'. रानफणस म्हणजे पाटफणस असेल तर त्याच्या फळावर काटे असतात, कच्च्या फळावरसुद्धा. तुमचं फळ बिनकाट्याचं आहे, तेव्हा तो जवळजवळ बाद. तरी एक खूण तपासा. फणसाच्या आणि पाटफणसाच्या डहाळीवर, पान जिथे लागतं तिथे, बांगडीसारखी गोल रेघ असते. कोवळ्या कळीवरचं आवरण गळून पडल्यावर ती उरते. ओटांबाचं ते आवरण बाजूला असतं, डहाळीला वेढत नाही, त्यामुळे पूर्ण रेघ उमटत नाही. शिवाय फळ आडवं कापा. सुरीला खोबरेल लावा, नाहीतर सुरी फुकट जाईल.

म्हापशें
गोंयांतून. ओटांब म्हटल्यावर आमच्या तोंडाला पाणी सुटतं! ओटांबाची सोलां आमच्याकडे अजून घरोघरी नसली तरी म्हापशाच्या बाजारात मिळतात. फळाच्या चकत्या करून उन्हात कडक वाळवायच्या, पावसाळ्यात माशाच्या हुमणात घालायच्या. कोकमाच्या सोलांसारखा रंग सोडत नाहीत, म्हणून ज्या कालवणाचा रंग बिघडवायचा नाही त्यात आई हीच घालायची. तुमचा गडी शहाणा आहे, त्याला पगार वाढवा.

परसदार
गोल रेघ नाही. फणसाची डहाळी शेजारी धरून पाहिली, तिच्यावर ती स्पष्ट दिसते. फळ कापलं. आत एक मोठी कोय नाही, संत्र्यासारख्या फाकाही नाहीत. पांढरट गर आणि त्यात इथेतिथे विखुरलेल्या कोवळ्या बिया. थोड्या वेळात काप तपकिरी पडला. उंबरासारखी आत पोकळी नाही हेही पाहून ठेवलं. झाडाखाली वाळलेले, पिवळट नारिंगी, गोटीएवढे गोळे पडले आहेत, हात लावला की चुरतात. ती गळलेली फळं समजून आम्ही झाडाला कीड लागली म्हणत होतो.

पाणंद
ते नरफुलांचे गोळे. त्यांचं काम झालं की ते गळतात, फळं होतात ती दुसऱ्या, मादीफुलांच्या गोळ्यांची. एकाच झाडावर दोन्ही येतात. तेव्हा कीड नाही, झाड ठणठणीत आहे. बिनकाट्याचं वेडंवाकडं फळ, पांढरा चीक, दोन ओळींतली पानं, डहाळीवर रेघ नाही. हे ओटांबच, आणि वटांब म्हणजेही हेच. संस्कृतात लकुच, हिंदीत बडहल. आजीचं नाव बरोबर होतं, आणि फणसाचं सख्खं नातलग असल्यामुळे शेजारीही फार लांब गेले नव्हते. फळ पिकलं की पिवळं होतं, वर मखमली लव येते, आणि आतला गर गुलाबी छटेचा होतो. पिकेपर्यंत थांबलात तर हा शेवटचा पुरावाही मिळेल.

शब्दांकुर
आता मूळ प्रश्नाकडे, शब्दाकडे. वटांब म्हणजे वड अधिक आंब, असं मला वाटतं. वडासारखा चीक आणि आंबट फळ. रातांबा, अंबाडा, आमसूल यांत हाच 'आंब' आहे. 'व'चा 'ओ' होणं कोकणात नवीन नाही.

म्हापशें
वडाशी याचं काय साम्य? पान मोठं, चीक पांढरा, एवढंच. मग फणसालाही वटफणस म्हणावं लागेल. शिवाय कर्नाटकात याला 'वाटे हुळी' म्हणतात, हुळी म्हणजे आंबट. तिथला 'वाटे' वडाचा कसा असेल? मला तर नाव तिकडून इकडे आलेलं वाटतं.

शब्दांकुर
किंवा इकडून तिकडे गेलेलं. कानडीत वडाला आल म्हणतात, तेव्हा तुमचा मुद्दा मान्य. पण 'आंब' तरी माझा.

पाणंद
त्यात मी पडत नाही. माझी शंका निराळी आहे. पुस्तकांत सह्याद्रीतल्या या झाडाला कधी आर्टोकार्पस लकुचा म्हणतात, कधी आर्टोकार्पस गोमेझियानस. दोन जाती अगदी जवळच्या आहेत. एक फरक पानाच्या खालच्या लवेचा सांगतात, लकुचावर ती भरपूर, दुसऱ्यावर विरळ किंवा जवळजवळ नाहीच. परसदार म्हणतात "किंचित खरखरीत". त्यावरून मी काही ठरवणार नाही. फळं आणि नरफुलं असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि जवळच्या महाविद्यालयात वनस्पतीशास्त्राच्या कुणाला तरी दाखवा.

आगोटी
म्हणजे आंबट लागणारच होतं. मी काय वेगळं म्हटलं होतं?

परसदार
झाड ठेवायचं ठरलं. म्हापशें, सोलांसाठी फळ कच्चं घ्यायचं की पिकलेलं?

म्हापशें
पूर्ण वाढलेलं, पण मऊ व्हायच्या आत. मऊ झालं की चकत्या पडत नाहीत, लगदा होतो. आणि पाऊस यायच्या आत उरका, अर्धवट वाळलेल्या चकत्यांना दोन दिवसांत बुरशी धरते.

बार्शीकर
माझं कुणीच सांगितलं नाही.

पाणंद
राहिलंच की! एका देठावर पानाचे तीन भाग असतील तर बेल. पाच-सात छोटी पानं, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना आणि एक टोकाला, असं असेल तर कवठ. कवठाचं फळ वरून पांढरट, खडबडीत असतं, बेलफळ गुळगुळीत. काटे दोघांनाही, त्यावरून भांडू नका.

बार्शीकर
काही देठांवर तीन आहेत, काहींवर पाच. चुलते म्हणतायत दोन झाडं एकात उगवलीत.

पाणंद
पाच-पाच पानांचा बेलही क्वचित सापडतो. एक पान चुरडून वास घ्या, बडीशेपेसारखा आला तर कवठाकडे झुकतं माप द्या. आणि फळाचा फोटो टाका.