मदत हवी आहे: सीओपीडी पेशंटचा ऑक्सिजन अलार्म कितीवर ठेवायचा?

खानापूरजवळ राहतो. बाबांना सीओपीडी आहे, घरी ऑक्सिजन मशीन चालू असतं, बेळगावच्या डॉक्टरांनी सॅच्युरेशन ८८ ते ९२ मधे ठेवा म्हणून सांगितलंय. बोटाचा मीटर फोनला जोडलाय पण अलार्म आधीपासूनच ९४ वर सेट होता, म्हणजे बाबा ठीक असतानाही रात्रभर वाजतोय, आता आई फोन सायलेंट करूनच झोपती आणि मला त्याचीच भीती वाटती. लिमिट ८८ केली तरी कूस बदलली किंवा बोट गार पडलं की आकडा ८५ दाखवून लगेच वर येतो. अ‍ॅपमधे अलार्मचा डिले वाढवता येतो. डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारणारच आहे, पण ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी सांगा, ८८ तसंच ठेवून डिले वाढवला का लिमिटच खाली आणली? आणि ऑक्सिजन जास्त होऊ नये म्हणून ९२ च्या वरचा अलार्म पण लावता का?