शेअर दुप्पट झाला, तरी ताईच पुढे कशी?

धाकटा: ताईने आणि मी एकाच दिवशी 100-100 गुंतवले. तिने इंडेक्स फंडात, म्हणजे बाजारातल्या अनेक कंपन्यांत थोडं थोडं, मी माझ्या लाडक्या एका शेअरमध्ये. बाजार कोसळला. तिचे 60 उरले, माझे 30. मी रात्री उठून भाव बघायचो, तिने फोनमधून अ‍ॅपच काढून टाकलं. दोन वर्षांनी तिचे 100 झाले, माझे 60. तळापासून मी दुप्पट, ती दीडपटीच्या जरा वर. तरी शहाणी तीच?

जुनाखातेदार: तळाला तू पैसे घातले नव्हतेस, मग तिथून मोजतोस कशाला? 30 चे 100 व्हायला 233 टक्के वाढ लागते, तिला 67 टक्के पुरली.

धीट: गणित मान्य. पण फंडही 40 टक्के पडलाच ना? मग विखुरून मिळवलं काय? कंपनी चांगली असेल तर शेअर परत येतोच. धाकट्या, विकू नकोस.

जुनाखातेदार: बाजार पडला की फंडही पडतो, हे खरं. पण ‘परत येतोच’ हे कुणी सांगितलं? अमेरिकेतल्या सिटीग्रुप बँकेचा शेअर 2007 मध्ये 55 डॉलरवर होता, मार्च 2009 मध्ये एका डॉलरखाली गेला. बँक आजही उभी आहे. पण तगण्यासाठी तिने इतके नवे शेअर काढले की जुन्या भागधारकाचा वाटा खूपच घटला. 2011 मध्ये दहा शेअरचा एक केला, म्हणून भाव मोठा दिसतो, इतकंच. अमेरिकेतल्या 500 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक एस अँड पी 500, त्याने मात्र 2007 चा उच्चांक 2013 मध्ये ओलांडला.

अनुभवी_मावशी: आमच्या ह्यांचा पगार आणि बचत एकाच कंपनीत. मंदी आली तेव्हा नोकरी गेली त्याच महिन्यात शेअरही मातीमोल. घर चालवायला तळालाच विकावे लागले. धीर धरा म्हणणाऱ्यांचा पगार चालू असतो हो.

नवखा: ताईंचा फंड कोणता? नाव द्या ना.

धीट: मावशी, तो नोकरीचा प्रश्न झाला, शेअरचा नाही. आणि एका बँकेचं असं झालं म्हणून सगळ्या कंपन्या तशाच?

जुनाखातेदार: तशाच नाहीत. कुठली तशी निघेल ते आधी कळत नाही, एवढंच. धाकट्या, ताळेबंदात एकूण शेअर किती ते बघ. पडझडीच्या आधीचे आणि आत्ताचे.

धाकटा: बघितलं. 20 कोटी होते, 30 कोटी झालेत. नफा मात्र जुन्याच्या 90 टक्क्यांवर आलाय, मी त्यावरच खूश होतो.

जुनाखातेदार: मग 90 टक्के नफा दीडपट शेअरांत वाट. दर शेअरमागे जुन्याच्या 60 टक्के. तुझा 60 चा भाव तिथूनच आला. कंपनी सावरली, राहिलेले 40 भावात अडकलेले नाहीत: 10 नफा घटल्यामुळे गेले, 30 नव्या भागधारकांकडे गेलेत.

धीट: नफा अजून वाढला तर?

जुनाखातेदार: तर भाव वाढेल. पण शंभरला पोचायला नफा जुन्याच्या दीडपट लागेल.

धाकटा: ताईला हे सांगू की नको, तेच कळेना.