सिझेरियननंतरची मालीश: बाईंना काय करू द्यायचं? (अनुभव धागा)

वहिनीचं सिझेरियन होऊन दहा दिवस झालेत, उद्यापासून मालीशवाल्या बाई येणार. हे काम केलेल्यांनी किंवा करून घेतलेल्यांनी नेमकं लिहा.

सुमनमावशी: मी 18 वर्षं बाळंतिणींचं करते, सासूबाईंच्या हाताखाली शिकले. डॉक्टर टाके बघून 'चालेल' म्हणेपर्यंत पोटाला हात लावायचा नाही. पालथं झोपवायचं नाही, कुशीवर घ्यायचं आणि गुडघ्यांमध्ये उशी द्यायची. तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, थेट गॅसवर नको. आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघा. पाय तळव्यापासून वर चोळायचे, मग मान, खांदे, पाठ. कमरेत सुई दिली त्या जागी नुसता हात फिरवायचा. अर्धा तास पुरे.

पण तेल लावायच्या आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून बघा. एकच सुजलेली, गरम, दाबली की कळ येते, असं असेल तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिरेत गाठ झालेली असू शकते आणि चोळल्यावर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. 'अंग दुखतंय, जरा जोरात चोळा' असं बाळंतीणच सांगते, तेव्हा हे बघायचं राहून जातं.

रेवा_ठाणे: पोटपट्टा करकचून बांधायचा, पोट आत जातं.

सुमनमावशी: उठता-खोकताना टाक्यांना आधार मिळतो, एवढं त्याचं काम. करकचून बांधलं तर खाली ओटीपोटावर जोर येतो, श्वासही नीट घेता येत नाही. दोन बोटं आत जातील इतका सैल हवा, आणि झोपताना काढायचा.

आजी_नाशिक: बाळाच्या नाकात दोन थेंब तेल सोडा, सर्दी होत नाही.

मृदुला: आजी, प्रश्न आईच्या मालीशचा आहे. पण तेवढं मात्र नका करू. नाकातलं तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. कानातही नको.

गौरी_दुबई: इथे बाई मिळत नाहीत, जेवण मीच करते. अळिवाची खीर दर वेळी फाटते, काय चुकतंय?

सुमनमावशी: एक चमचा अळीव अर्धी वाटी पाण्यात दोन तास भिजवा, दाणे बुळबुळीत फुगले पाहिजेत. मग दुधात शिजवा, गॅस बंद करा, जरा निवलं की गूळ घाला. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं.

रेवा_ठाणे: आणि शेक? आमच्याकडे खाटेखाली शेगडी ठेवतातच.

सुमनमावशी: बंद खोलीत कोळसा नकोच, बाळ शेजारी असतं. कमरेला गरम पाण्याची पिशवी मी देते, कापडात गुंडाळून, टाक्यांपासून लांब. धुरीचं मात्र एकेका घरी एकेक, डॉक्टरांनाच विचारा.

मृदुला: टाक्यांजवळ लाली, पाणी किंवा ताप दिसला तर त्या दिवशी मालीश नाही, आधी डॉक्टर.