घरातील उपकरणांची नोंदवही : ‘वॉरंटीची अखेर’ या रकान्यात आपण काय लिहिता?

रानवाट

घरातील उपकरणांची नोंदवही ठेवणाऱ्यांचे अनुभव एकत्र वाचायला मिळावेत म्हणून हा धागा काढत आहे. खरेदीची तारीख, वॉरंटीची अखेर, सर्व्हिसिंगचे वेळापत्रक आणि माहितीपुस्तिका कोठे ठेवली आहे, हे चार रकाने बहुतेकांच्या वहीत असतात. मला विशेष विचारायचे आहे ते दुसऱ्या रकान्याबद्दल, कारण तिथे एकच तारीख लिहून भागत नाही.

आमच्या फ्रिजचे बिल १४ मार्च २०१९ चे आहे. कार्डावर संपूर्ण फ्रिजला एक वर्ष आणि कॉम्प्रेसरला दहा वर्षे वॉरंटी दिलेली होती. म्हणून वहीत दोन ओळी केल्या : ‘सर्व भाग – १३ मार्च २०२० पर्यंत’ आणि ‘फक्त कॉम्प्रेसर – १३ मार्च २०२९ पर्यंत, गॅस, मजुरी व भेटीचे शुल्क आपल्याकडे’. हा शेवटचा तुकडा कार्डावरच्या बारीक अक्षरांतून उतरवून घेतलेला होता.

२०२४ मध्ये फ्रिज थंड करेनासा झाला. आतला दिवा लागत होता, पंखा फिरत होता, पण मागच्या बाजूने येणारी नेहमीची घरघर थांबली होती. तक्रार नोंदवताना ‘आपली वॉरंटी २०२० मध्येच संपली आहे’ असे उत्तर मिळाले, तेव्हा वहीतील दुसरी ओळ वाचून दाखवली आणि कार्डाचा फोटो पाठवला. मेकॅनिकने आधी रिले व ओव्हरलोड तपासले. बिघाड तिथे असता तर सगळाच खर्च आमच्यावर आला असता, कारण ते भाग कॉम्प्रेसरच्या वॉरंटीत धरलेले नव्हते. दोष कॉम्प्रेसरचाच निघाला. तो विनामूल्य बदलून मिळाला, गॅस, ड्रायर आणि मजुरी यांचे पैसे आम्ही दिले. नव्या कॉम्प्रेसरला पुन्हा दहा वर्षे मिळत नाहीत, मूळ मुदतीचा उरलेला काळच मिळतो, हे जॉबशीटवर लिहून घेतले आणि वहीतील २०२९ ची तारीख तशीच ठेवली.

पानापक्कड

मी दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून दारात उभे राहिल्यावर काय अडते ते सांगतो. खरेदीची तारीख लोकांना आठवते, मॉडेल आणि सीरियल क्रमांक मात्र नोंदवलेले नसतात. फ्रिजचा क्रमांक बहुधा आत, भाजीच्या कप्प्याजवळच्या भिंतीवर असतो, तर समोरून भरायच्या वॉशिंग मशीनचा दार उघडल्यावर कडेला दिसतो. एसीच्या आतल्या आणि बाहेरच्या युनिटला दोन वेगळे सीरियल क्रमांक असतात आणि कॉम्प्रेसरच्या दाव्याला बाहेरच्या युनिटचा लागतो. गीझरचा क्रमांक तर कित्येकदा भिंतीकडच्या बाजूला जातो, तेव्हा तो टांगण्यापूर्वीच फोटो काढावा. मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत लिहावा, कारण त्या अक्षरावरून सर्किट बोर्ड बदलतो.

दुसरी गोष्ट बिलाची. गुळगुळीत कागदावर छापलेली बिले उष्णतेने उमटतात आणि काही वर्षांत फिकी होतात. घेतल्या दिवशीच त्यांची झेरॉक्स काढावी. टिकावे म्हणून लॅमिनेट करू नये, त्या उष्णतेने सबंध कागद काळा पडतो.

अबोली_७

माझ्या माहितीप्रमाणे कंपनीकडे नोंदणी केली नाही, तर वॉरंटी लागूच होत नाही. त्यामुळे मी वहीत फक्त नोंदणीची तारीख लिहिते आणि मुदत तिथपासून मोजते.

पानापक्कड

अबोलीताई, नोंदणीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. काही ठिकाणी ठरावीक दिवसांत नोंदणी केल्यास जादा मुदत मिळते आणि ती नोंदणीअभावी खरोखरच जाते. मूळ वॉरंटीला मात्र माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा बिल पुरेसे ठरले आहे. मुदत कोठून मोजायची ते आपापल्या कार्डावर पाहावे : बहुधा बिलाच्या तारखेपासून, क्वचित उपकरण बसवल्याच्या तारखेपासून. या दोन तारखांत अंतर असेल तर दोन्ही लिहाव्यात.

निळीशाई

आमच्याकडे नोंदवही आईने सुरू केली आणि तिचा भर सर्व्हिसिंगच्या रकान्यावर आहे. सर्वच उपकरणांना ‘वर्षातून एकदा’ असे लिहिणे तिला मान्य नाही. तिने प्रत्येकापुढे कारण लिहिले आहे आणि मला सर्वांत उपयोगी पडली ती गीझरची ओळ.

टाकीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीचे पोलाद गंजण्यापासून वाचवतो. पाणी किती क्षारयुक्त आहे यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते, म्हणून ठरावीक वर्षांनी बदलण्याऐवजी आम्ही दरवर्षी तो काढून पाहतो आणि उरलेली जाडी लिहून ठेवतो. पहिल्या तपासणीची नोंद ‘खडबडीत, पण जाड’ अशी आहे. पुढच्या वर्षी ‘खालच्या टोकाला आतली तार दिसते’ अशी नोंद झाली आणि त्याच भेटीत रॉड बदलला. आमच्या गीझरच्या कार्डावर टाकीची वॉरंटी पाच वर्षांची आहे, पण रॉड वेळेवर बदलल्याचा पुरावा मागण्याची अट तिथेच आहे. त्यामुळे रॉडची पावती वॉरंटी कार्डालाच टाचलेली असते.

सुपारीबाग

आम्ही सर्व उपकरणांना वार्षिक देखभाल करार घेतो, त्यामुळे नोंदवहीची गरज वाटली नाही. मला विचारायचे होते की, वाढीव वॉरंटी घ्यावी का?

रानवाट

सुपारीबाग, तो विषय वेगळा आहे, पण करार असला तरी त्याची अखेर आणि त्यात न येणारे भाग वहीत हवेतच. आमच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या करारात गाळण्या होत्या, मेम्ब्रेन नव्हता, आणि ते शेवटच्या पानावर लिहिलेले होते.

तिसरामजला

पुस्तिका कोठे ठेवावी, याचे आमचे उत्तर सोपे आहे. प्रत्येक उपकरणाच्या बाजूला पारदर्शक पाकीट चिकटवून त्यात पुस्तिका आणि बिल ठेवतो. शोधाशोध होत नाही.

पानापक्कड

पुस्तिकेसाठी कल्पना चांगली आहे, पण बिल तिथे ठेवू नये. आजकालच्या अनेक फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात, हात लावला की पत्रा गरम लागतो. तिथे गुळगुळीत कागदाचे बिल लवकर खराब होते. गीझर आणि ओव्हनपाशी तर काहीच नको.

निळीशाई

आम्ही पुस्तिका एका फाइलमध्ये ठेवतो आणि वहीत फाइलमधील कप्प्याचा क्रमांक लिहितो. वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेतील एरर कोडचे पान मात्र झेरॉक्स करून डिटर्जंटच्या कपाटाच्या दाराला आतून लावले आहे, कारण मशीन अडल्यावर लागते ते तेवढेच एक पान.

अबोली_७

पानापक्कडदादा, मी कार्ड काढून पाहिले. मूळ मुदत बिलाच्या तारखेपासूनच आहे आणि नोंदणीमुळे तीन महिने जादा मिळाले आहेत. आता दोन्ही ओळी वेगळ्या लिहिल्या. पण एक शंका राहिली. आमचा एसी नणंदेने वापरून आम्हाला दिलेला आहे आणि बिल तिच्या नावावर आहे. कॉम्प्रेसरची मुदत अजून बाकी असताना दावा आम्हाला करता येईल का?

पानापक्कड

काही कार्डांवर ‘फक्त पहिल्या खरेदीदारास’ असे छापलेले असते, काहींवर तसे नसते. आपल्या कार्डावर काय आहे ते पाहून इथे लिहा. तोवर वहीत तारखेपुढे ‘बिल नणंदेच्या नावावर’ एवढे नक्की लिहून ठेवा आणि मूळ बिल मागून घ्या. कार्डावर काहीच छापलेले नसेल, तर कोणी असा दावा मंजूर करून घेतला आहे का, हे मलाही वाचायला आवडेल.