सोसायटी ग्रुप: प्रिंटरला स्क्रीनच नाही, वायफायचा पासवर्ड टाकायचा कुठे?

मेधा (बी-२०४), रात्री ८:४२
कोणी जागं आहे का? शनिवारी प्रिंटर आणला. वायफायवाला. त्याला स्क्रीन नाही, फक्त चार बटणं आणि लाईटी. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये दोन दिवस "प्रिंटर सापडला नाही" एवढंच येतंय. सईचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म उद्या ९ वाजता द्यायचाय, प्रिंट काढूनच. दुकानदार म्हणाला होता, पाच मिनिटांचं काम आहे!

जोशीकाका (ए-१०१)
यूएसबी केबल लावा. विषय संपला.

मेधा (बी-२०४)
काका, लॅपटॉप ह्यांच्याबरोबर पुण्याला गेलाय. घरात फक्त मोबाईल आहेत.

सेक्रेटरी (सी-१०२)
सर्व सभासदांस विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. उद्या टाकी धुणार, सकाळी ७ ते ११ पाणी नाही.

सुनंदाकाकू (ए-३०३)
टाकी पुन्हा? मागच्या महिन्यात धुतली तेव्हा चार दिवस गढूळ पाणी आलं होतं. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

प्रसाद (सी-४०१)
मेधाताई, आधी दोन गोष्टी सांगा. वायरलेसच्या बटणाची लाईट कशी आहे, लुकलुकतेय की नुसती पेटलीय? आणि मोबाईल आत्ता कुठल्या वायफायवर आहे, नाव जसंच्या तसं लिहा.

मेधा (बी-२०४)
लाईट बंदच आहे. शनिवारी लुकलुकत होती. वायफाय `Medha_Home_5G`.

जोशीकाका (ए-१०१)
म्हणून म्हणतो केबल लावा.

प्रसाद (सी-४०१)
नावातच उत्तर आहे. तुमच्या राउटरची दोन नावं असतील, एक `5G` वालं आणि एक साधं. हे मोबाईलचं फाइव्ह जी नव्हे, राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी. आणि घरगुती स्वस्त प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. तो `5G` वालं नाव ऐकूच शकत नाही. अ‍ॅप मात्र मोबाईल ज्या वायफायवर असेल तेच नाव प्रिंटरला द्यायला जातं. प्रिंटर ते नाव शोधत बसतो आणि दमून गप्प होतो.

निखिल (बी-५०२)
माझ्याकडे तर एकच नाव दिसतं, तरी प्रिंटर चालतो. मग?

प्रसाद (सी-४०१)
एका नावाखाली दोन्ही लहरी असतात तेव्हा प्रिंटर आपोआप २.४ वर जातो, बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. नावं वेगळी असली की आपल्याला निवडावं लागतं. ताई, वायफायच्या यादीत `Medha_Home` दिसतंय?

मेधा (बी-२०४)
हो! तिसऱ्या नंबरवर. फायबरवाला मुलगा गेल्या महिन्यात आला होता, तोच दोन नावं करून गेला. पासवर्ड एकच आहे.

सुनंदाकाकू (ए-३०३)
त्याच मुलाने आमच्या जिन्यातली वायर लोंबकळत ठेवलीय. सेक्रेटरीसाहेब, हे सूचनांमध्ये बसतं ना?

सेक्रेटरी (सी-१०२)
काकू, लेखी अर्ज द्या.

सुनंदाकाकू (ए-३०३)
दोन दिलेत.

प्रसाद (सी-४०१)
आधी फॉर्म निघू दे, मग वायर. ताई, मोबाईल `Medha_Home` वर न्या. मग प्रिंटरची लाईट. नवा प्रिंटर चालू केला की थोडा वेळ स्वतःचं छोटं वायफाय पसरवतो, अ‍ॅपने त्याला ओळखावं म्हणून. बऱ्याच मॉडेलांत ते तास-दोन तासांत बंद होतं. शनिवारी उघडलं, पहिला प्रयत्न फसला आणि नंतर त्याने सांगणंच थांबवलं. म्हणून आज अ‍ॅपला काही सापडत नाही. ते परत सुरू करायला बटण दाबून धरावं लागतं. किती सेकंद आणि कुठलं, ते मॉडेलप्रमाणे बदलतं. खोक्यातल्या पानावर बघा.

मेधा (बी-२०४)
"वायरलेसचं बटण ५ सेकंद दाबून धरा." धरलं. लाईट निळी लुकलुकतेय 😊

जोशीकाका (ए-१०१)
आमच्या राउटरवर डब्ल्यूपीएसचं बटण आहे, ते दाबलं की झालं. नाहीतर केबल.

प्रसाद (सी-४०१)
काका, तेही खरं आहे, आणि त्यात पासवर्डही लागत नाही. पण प्रिंटरचं बटण दाबल्यापासून २ मिनिटांत राउटरचं दाबावं लागतं. शिवाय राउटरमध्ये सुरक्षेची फक्त डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत ठेवली असेल किंवा वायफायचं नाव लपवलं असेल तर ते चालत नाही. ताईंचा राउटर चपलांच्या कपाटावर छताला टेकवून ठेवलाय. आत्ता शिडी नको.

मेधा (बी-२०४), ९:१७
अ‍ॅपला प्रिंटर सापडला! पण "जोडत आहे" म्हणून गोल गोल फिरतंय आणि मग पुन्हा तेच. आता मला रडू येतंय.

निखिल (बी-५०२)
मोबाईल डेटा चालू आहे का?

मेधा (बी-२०४)
हो, तो नेहमीच चालू असतो.

प्रसाद (सी-४०१)
शाब्बास निखिल. ताई, तो बंद करा. पासवर्ड पोचवण्यासाठी मोबाईल मिनिटभर प्रिंटरच्या छोट्या वायफायवर जातो. तिथे इंटरनेट नसतं, हे मोबाईलला खटकतं आणि तो मध्येच तुटून डेटावर जातो. पासवर्ड अर्ध्या वाटेवर राहतो. "इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का?" असं विचारलं तर हो म्हणा. अ‍ॅपने लोकेशनची परवानगी मागितली तर ती पण द्या. अँड्रॉइडवर ती नसली तर पुष्कळदा आजूबाजूची वायफाय नावं अ‍ॅपला दिसत नाहीत.

सेक्रेटरी (सी-१०२)
सूचना वर गेली. पुन्हा सांगतो, उद्या ७ ते ११ पाणी नाही.

जोशीकाका (ए-१०१)
मेधा, तू काळजी करू नकोस. माझा जुना लॅपटॉप आणि केबल घेऊन मी येतो. वायफायचं सकाळी बघा, फॉर्म आज निघाला पाहिजे.

मेधा (बी-२०४)
काका, दहा मिनिटं थांबा, नाहीतर खरंच या.

मेधा (बी-२०४), ९:३१
लाईट स्थिर! लुकलुकणं थांबलं. अ‍ॅप म्हणतंय "जोडले".

प्रसाद (सी-४०१)
फॉर्म पाठवायच्या आधी एक पान काढा. माहितीचं पान कसं निघतं ते त्याच कागदावर असेल. त्यावर वायफायचं नाव आणि आयपीचा आकडा येतो.

मेधा (बी-२०४)
आलं. नाव `Medha_Home`, आयपी `192.168.1.9`.

प्रसाद (सी-४०१)
पक्कं झालं. हा आकडा राउटरने दिलाय. तिथे `169.254` ने सुरू होणारं काही असतं तर प्रिंटरला राउटरकडून पत्ताच मिळाला नाही असा अर्थ, मग दोन्ही बंद करून आधी राउटर सुरू करायचा. आता डेटा चालू करा. मोबाईल परत `5G` वर नेला तरी चालेल, घरातलं जाळं एकच आहे. सईने मात्र पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवरून प्रिंट पाठवू नये. तिथून बहुतेक राउटर घरातली यंत्रं दिसू देत नाहीत.

निखिल (बी-५०२)
आणि उद्या राउटरचा पासवर्ड बदललात तर प्रिंटरला कळणार नाही. तेच ५ सेकंदांचं बटण आणि हेच सगळं पुन्हा.

मेधा (बी-२०४), ९:४४
फॉर्मची चारही पानं निघाली. प्रसाद, निखिल, मनापासून आभार. काका, तुमचेही.

जोशीकाका (ए-१०१)
मी लिफ्टपाशी आलो होतो. परत जातो. केबल माझ्याकडे आहे, केव्हाही सांग.

सुनंदाकाकू (ए-३०३)
मेधा, जिन्यातल्या वायरचा तिसरा अर्ज पाठवते, तेवढा छापून दे. सकाळी ७ च्या आत.