'चरबीत विरघळणारे' की 'मेदविद्राव्य'?

गोदातीर: नाशिकमधल्या परिचारिकांसाठी ऑपरेशननंतरच्या वेदनाशमनावर मराठी पुस्तिका लिहिते आहे. एका वाक्याशी अडले: "फेंटानिल चरबीत विरघळणारे असल्यामुळे मॉर्फिनपेक्षा लवकर काम करते." वाचून दाखवलं तर एकीने विचारलं, हे औषध चरबी उतरवतं का? 'मेदविद्राव्य' लिहिलं तर तो घोटाळा होणार नाही, पण शब्द जड वाटतो. शिवाय चरबीचा वेगाशी काय संबंध, हे दोन्हींतून कळत नाही.

पंचवटीकर: सोपं आहे. मेंदूत चरबी भरपूर, म्हणून चरबीत विरघळणारं औषध तिकडे ओढलं जातं. एवढं लिहा.

भूलतज्ज्ञ: मेंदूत मेद भरपूर असतो हे बरोबर, पण वेग त्याने येत नाही. प्रश्न वाटेतला आहे. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये बारीक फटी असतात, त्यातून औषध झिरपतं. मेंदूत या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. फटीतून जाता येत नाही, म्हणून पेशीच्या आरपार जावं लागतं, आणि पेशीचं आवरण मेदाचं असतं.

मॉर्फिनच्या रेणूवर दोन हायड्रॉक्सिल गट आहेत. त्यांना पाणी सोडवत नाही, म्हणून मेदात शिरताना रेणू रेंगाळतो. ऑक्टेनॉल नावाचा तेलकट द्रव आणि पाणी एकत्र हलवून मोजलं, तर मॉर्फिन पाण्यापेक्षा ऑक्टेनॉलमध्ये जेमतेम दीडपट सापडतं, फेंटानिल सुमारे 800 पट. शिरेतून दिल्यावर फेंटानिलचा परिणाम साधारण 5 मिनिटांत शिगेला पोचतो, मॉर्फिनला 15 ते 20 मिनिटं लागतात.

मला सर्वांत पटणारा दाखला हेरॉइनचा. मॉर्फिनचे तेच दोन गट ॲसिटिल गटांनी झाकले की हेरॉइन होतं. ते मेंदूत झपाट्याने शिरतं आणि आत गेल्यावर पुन्हा मॉर्फिनकडेच वळतं. काम बरंचसं त्याच रेणूचं, फक्त आत शिरण्याची अडचण दूर झालेली.

गोदातीर: डॉक्टर, वॉर्डात याने नेमका काय फरक पडतो? मला तेच लिहायचं आहे.

भूलतज्ज्ञ: समजा, पेशंट कळवळतोय. मॉर्फिन 2 मिलिग्रॅम दिलं, 5 मिनिटांनी दुखणं तसंच, म्हणून आणखी 2, मग आणखी 2. तिसरा डोस जाईपर्यंत पहिल्याचासुद्धा पूर्ण परिणाम झालेला नसतो. दुखणं थांबतं, पेशंटला वॉर्डात हलवतात, आणि तिथे तिन्ही डोसांचा परिणाम एकत्र चढतो. पेशंट हाक मारल्यावर उशिरा डोळे उघडतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मिनिटाला 8 वर. म्हणून शेवटच्या डोसनंतरही काही काळ जवळ बसून श्वास मोजायचे. आणि 'दुखणं थांबलं' म्हणजे 'औषधाचा परिणाम पूर्ण झाला' असं कुठेही लिहू नका, ताई.

सिन्नरकर: मला हे पटत नाही. वडिलांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी फेंटानिलची पट्टी लावली होती. पहिली रात्र त्यांनी तळमळत काढली. कुठे आलं 'लवकर'?

भूलतज्ज्ञ: दादा, वडिलांना त्रास झाला तो खराच. मी सांगितलेला वेग औषध रक्तात आल्यानंतरचा. पट्टीतलं औषध आधी त्वचेत आणि तिच्याखालच्या मेदात साठतं, मग हळूहळू रक्तात उतरतं. पूर्ण परिणामाला 12 ते 24 तास लागतात, म्हणून सुरुवातीला जोडीला लवकर लागू पडणारं औषध लागतं. तो साठा पट्टी काढल्यावरही बराच वेळ रक्तात उतरत राहतो. पट्टीवर शेक मात्र कधीही देऊ नये. उष्णतेने औषध एकदम जास्त शोषलं जातं आणि श्वास मंदावू शकतो.

सिन्नरकर: शेकाचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. गोदातीर ताई, हे पुस्तिकेत ठळक छापा.

औषधांचं दुकान, सिडको: एक भर घालतो. जुलाबावरचं लोपरामाईडही मॉर्फिनच्याच गोतावळ्यातलं, आणि मेदात चांगलं विरघळतं. तरी नेहमीच्या डोसला गुंगी येत नाही, कारण मेंदूच्या केशवाहिन्यांतले प्रथिनांचे पंप ते आत शिरताच परत रक्तात ढकलतात. तेव्हा 'मेदविद्राव्य असल्यामुळे मेंदूत जाते' असं लिहू नका. 'जाणे सोपे होते' म्हणा.

गोदातीर: मग असं चालेल? "मेंदूच्या केशवाहिन्यांचे आवरण मेदाचे असते. फेंटानिल मेदात सहज विरघळते, म्हणून शिरेतून दिल्यास ते मॉर्फिनपेक्षा लवकर मेंदूत पोचते."

पंचवटीकर: 'केशवाहिन्यांच्या पेशींचे आवरण' हवं. आणि 'मेद' म्हटलं की लोकांना पोटच आठवतं; 'स्निग्ध पदार्थात विरघळते' का नको?

भूलतज्ज्ञ: पहिली दुरुस्ती मान्य. 'स्निग्ध पदार्थ' म्हटलं की मला तूप-लोणी दिसतं, पेशीचं आवरण नाही. मी 'मेद'च ठेवेन.

गोदातीर: दोन्ही वाक्यं परिचारिकांना वाचून दाखवते. पट्टीला वेगळं पान देते, शेकाची सूचना सर्वांत वर.